गर्भनिरोधक गोळी राहून गेली तर काय करायचं?

रोज घ्यायची गोळी राहून गेली की बहुतेक जणी दोनपैकी एक चूक करतात. काही जणी घाबरून राहिलेल्या सगळ्या गोळ्या एकदम गिळतात आणि दिवसभर मळमळत बसतात. काही जणी ‘आता काय, या महिन्याचं बिघडलंच’ म्हणून पाकीटच बंद करतात. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण पाकीट अर्धवट सोडलं की संरक्षण लगेच कमी व्हायला लागतं आणि घरातल्या सवयी मात्र तशाच चालू राहतात.

हा लेख मुख्यतः ‘माला-एन’ आणि ‘माला-डी’ या गोळ्यांबद्दल आहे. माला-एन उपकेंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि आशा ताईंकडेही मिळते, तर माला-डी थोड्या पैशांत विकत मिळते. आतलं औषध दोन्हींत एकच. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत दोन संप्रेरकं असतात (लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्राडायोल ०.०३ मिलिग्रॅम), आणि उरलेल्या ७ रंगीत गोळ्या नुसत्या लोहाच्या असतात. खासगी डॉक्टर लिहून देतात त्यातली बरीच पाकिटं २१ गोळ्यांची असतात. ती संपली की सात दिवस काहीच घ्यायचं नसतं. खाली सांगितलेले नियम त्यांनाही लागू पडतात, फक्त लोहाच्या गोळ्यांच्या जागी ‘रिकामे सात दिवस’ असं वाचायचं. दोन प्रकारच्या गोळ्यांचे नियम मात्र वेगळे आहेत, ते शेवटी दिले आहेत. आपली गोळी कोणती हे माहीत नसेल तर आधी पाकीट उलटून नाव वाचा.

धोका नेमका कुठे असतो

पांढऱ्या गोळ्या चालू असतात तोवर बीजकोश झोपलेला असतो, त्यात अंडं तयार होत नाही. लोहाच्या गोळ्यांच्या सात दिवसांत संप्रेरक मिळत नाही, म्हणून अंगावरून जातं आणि बीजकोशही हळूहळू जागा व्हायला लागतो. सात दिवसांत तो पूर्ण जागा होत नाही. आठव्या दिवशी नव्या पाकिटातली पांढरी गोळी पोटात गेली की पुन्हा झोपतो. त्याला पुरतं झोपवायला सलग सात पांढऱ्या गोळ्या लागतात. सात हा आकडा पुढे पुन्हा पुन्हा येईल, तो इथून आलेला आहे.

याचा अर्थ असा की पाकिटाच्या मधल्या दोन गोळ्या राहिल्या तर बीजकोशाला उठायला फारशी सवड मिळत नाही. पण पाकिटाच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पांढऱ्या गोळ्या राहिल्या तर त्या दिवसांची भर आधीच्या किंवा नंतरच्या सात रिकाम्या दिवसांत पडते, आणि सातचे नऊ-दहा दिवस होतात. दिवस जाण्याचा खरा धोका तिथे आहे. गंमत म्हणजे बायकांची सगळी काळजी मधल्या गोळ्यांची असते. ‘नवीन पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू केलं’ हे मात्र कोणी गोळी चुकली म्हणून सांगतच नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘नाही हो, एकही चुकली नाही, फक्त पाकीट आणायला उशीर झाला.’ पाकीट उशिरा सुरू होणं म्हणजे सगळ्यात वाईट जागी गोळ्या राहणं.

पायरी पहिली: एक गोळी लगेच घ्या

आठवलं त्या क्षणी एक पांढरी गोळी घ्या. हिशेब नंतर करता येतो. दुपार असो, पहाट असो, रिकामं पोट असो, थांबू नका. मग आजची गोळी आजच्या ठरलेल्या वेळेला घ्या. त्यामुळे एका दिवसात दोन गोळ्या पोटात जातील, किंवा रात्री आठवलं असेल तर दोन एकदमच घ्याव्या लागतील. चालतं. थोडं मळमळेल, बाकी अपाय नाही. काही खाऊन घेतली तर मळमळही कमी होते.

दोनच्या वर मात्र जायचं नाही. तीन दिवसांच्या गोळ्या राहिल्या म्हणून चार गिळल्या तर जास्तीचं संरक्षण मिळत नाही, उलटी होते, आणि उलटीत घेतलेली गोळीही बाहेर पडते.

पायरी दुसरी: किती उशीर झाला ते मोजा

ज्या वेळी गोळी घ्यायची होती त्या वेळेपासून आत्तापर्यंत किती तास गेले, एवढंच मोजायचं. सीमारेषा ४८ तासांची आहे.

४८ तासांच्या आत असाल, म्हणजे गोळीला नुसता उशीर झाला असेल किंवा एकच गोळी पूर्ण राहिली असेल, तर पहिल्या पायरीत सांगितलं तेवढंच पुरे. पाकीट तसंच पुढे चालू ठेवा. निरोध लागत नाही, दुसरं औषध लागत नाही. समजा सोमवारची रात्री नऊची गोळी राहिली आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला आठवलं. सहाला सोमवारची घेतली, नऊला मंगळवारची घेतली, विषय संपला. ही एक गोळी कोणत्या आठवड्यातली होती याने इथे फरक पडत नाही. एकच अट आहे: याच पाकिटात किंवा आधीच्या पाकिटाच्या शेवटी आणखी गोळ्या राहिलेल्या नसाव्यात. पाकिटाच्या सुरुवातीलाच असं झालं असेल आणि मागच्या पाकिटाच्या शेवटीही घोळ झालेला असेल, तर पुढच्या पायरीतले नियम पाळा.

पायरी तिसरी: ४८ तास उलटले असतील तर

म्हणजे सलग दोन किंवा जास्त पांढऱ्या गोळ्या राहिल्या. आता तीन गोष्टी करायच्या.

राहिलेल्यांपैकी एकच गोळी घ्या, बाकीच्या सोडून द्या. पांढऱ्या गोळ्या सगळ्या सारख्याच असतात, त्यामुळे नेमकी कोणती उचलली याने काही बिघडत नाही. पण पाकिटाचा वार चुकू नये म्हणून शेवटच्या राहिलेल्या दिवसाची उचला. त्याआधीच्या तशाच राहू द्या. त्यानंतर रोजची गोळी रोजच्या वेळेला.

पुढचे सात दिवस, म्हणजे सलग सात पांढऱ्या गोळ्या पोटात जाईपर्यंत, संबंध आला तर निरोध वापरा किंवा संबंध टाळा. नवऱ्याला हे सांगणं अवघड वाटतं हे खरं आहे. ‘गोळ्या घेतेस ना, मग निरोध कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. ‘मध्ये दोन दिवस राहिल्या, शनिवारपर्यंत वापरायला सांगितलाय,’ असं वार सांगून बोललं की वाद लांबत नाही. ‘थोडे दिवस’ म्हटलं की लांबतो.

तिसरी गोष्ट पाकिटाच्या आठवड्यावर ठरते. पाकिटातून किती पांढऱ्या गोळ्यांची वेळ होऊन गेली ते मोजा: १ ते ७ पहिला आठवडा, ८ ते १४ दुसरा, १५ ते २१ तिसरा.

दुसऱ्या आठवड्यात राहिल्या असतील आणि त्याआधीच्या सात गोळ्या नीट घेतल्या असतील, तर सात दिवस निरोध एवढंच पुरतं. हा सगळ्यात सोपा प्रकार.

तिसऱ्या आठवड्यात राहिल्या असतील तर लोहाच्या गोळ्या त्या महिन्यापुरत्या गाळायच्या. पांढऱ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी सुरू करायची. आधीच बीजकोशाला सुट्टी मिळाली आहे, वर आणखी सात दिवसांची सुट्टी द्यायची नाही, हे त्यामागचं कारण. नवीन पाकीट हाताशी नसेल तर आशा ताईंना लगेच निरोप द्या. तरीही मिळालं नाही, तर नव्या पाकिटाच्या सात पांढऱ्या गोळ्या होईपर्यंत निरोध चालू ठेवा.

पहिल्या आठवड्यात राहिल्या असतील, किंवा पाकीटच दोन दिवसांहून जास्त उशिरा सुरू केलं असेल, तर मागे वळून पाहावं लागतं. गेल्या पाच दिवसांत निरोध न वापरता संबंध आला होता का? आला असेल तर आपत्कालीन गोळीचा विचार करा. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, संबंधानंतर ७२ तासांच्या आत. जितकी लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते. ७२ तास उलटले असतील पण पाच दिवस झाले नसतील, तर सरकारी दवाखान्यात तांबी बसवून घेता येते. गोळीपेक्षा तिचा भरवसा जास्त आहे आणि पुढची काही वर्षं रोजच्या गोळीची कटकटही मिटते.

आपत्कालीन गोळी घेतली म्हणून रोजची गोळी बंद करायची नाही. ती त्याच दिवशी पुढे चालू ठेवायची आणि सात दिवस निरोध वापरायचा. आपत्कालीन गोळी झालेल्या संबंधासाठी असते, उद्याच्या संबंधाला तिचा उपयोग नाही.

सलग सातहून जास्त पांढऱ्या गोळ्या राहिल्या असतील तर गोळ्या बंदच होत्या असं समजा. आधी दिवस गेलेत का ते तपासा, मग नव्याने सुरुवात करा.

एक उदाहरण, वारासकट

एका बाईने पाकीट सोमवारी सुरू केलं. रोज रात्री नऊला गोळी. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी ती भाचीच्या लग्नाला माहेरी गेली आणि पाकीट सासरच्या कपाटात राहिलं. मंगळवारची, म्हणजे सोळावी गोळी घेतलेली होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवारच्या (१७, १८, १९) राहिल्या. शनिवारी दुपारी बाराला ती घरी आली.

बुधवारी रात्री नऊपासून शनिवारी दुपारी बारापर्यंत ६३ तास होतात. ४८ च्या वर गेले, म्हणजे तिसरी पायरी. तिने आल्या आल्या शुक्रवारची, म्हणजे एकोणिसावी गोळी घेतली. सतरावी आणि अठरावी तशाच ठेवल्या. रात्री नऊला शनिवारची विसावी घेतली, रविवारी एकविसावी. इथे पांढऱ्या संपल्या.

आठवडा तिसरा, म्हणून लोहाच्या सात गोळ्या गाळल्या आणि सोमवारी थेट नवं पाकीट सुरू केलं. निरोधाचे सात दिवस शनिवारपासून मोजायचे: शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. पुढच्या शनिवारपासून निरोध नको. नवरा लग्नाला सोबत होता आणि गुरुवारी संबंध आला होता, तरी तिला आपत्कालीन गोळीची गरज नव्हती, कारण आधीच्या सोळा गोळ्या नीट झाल्या होत्या आणि पुढची रिकामी सुट्टी तिने गाळली. तिने लोहाच्या गोळ्या नेहमीसारख्या सुरू केल्या असत्या तर मात्र मोठी गफलत झाली असती. मधल्या तीन दिवसांचा खड्डा, मग दोनच दिवस गोळ्या, मग पुन्हा सात दिवस काही नाही.

त्या महिन्यात तिला नेहमीच्या वेळी पाळी आली नाही. नव्या पाकिटाच्या लोहाच्या गोळ्या आल्या तेव्हा आली. मधल्या दिवसांत डाग दिसले. सासूबाईंनी ‘पाळी चुकली की काय’ असं विचारलं, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. पाळी तिने स्वतःच पुढे ढकलली होती.

उरलेल्या सतरा आणि अठरा नंबरच्या गोळ्या कामाच्या असतात. त्यावर पेनाने खूण करून ठेवा. उलटीमुळे गोळी बाहेर पडली तर बदली गोळी म्हणून त्या वापरता येतात आणि चालू पाकिटाचा वार मोडत नाही.

लोहाची गोळी राहिली तर

काहीही करायचं नाही. ती सोडून द्या आणि पुढची घ्या. तिच्याने गर्भनिरोधन होत नाही, ती रक्तासाठी असते आणि रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये म्हणून असते. फक्त एक फसगत टाळा: राहिलेली लोहाची गोळी ‘भरून काढायला’ म्हणून नवं पाकीट एक दिवस पुढे ढकलू नका. अठ्ठाविसाव्या दिवसानंतर नवं पाकीट सुरू, मग अंगावरून जाणं थांबलेलं असो वा नसो. नवं पाकीट लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या त्याच दिवशी आणून ठेवावं, हा साधा नियम बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

उलटी आणि जुलाब

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती गोळी घेतलीच नाही असं समजून दुसरी पांढरी घ्या. त्यानंतर उलटी झाली तर काळजी नाही, गोळी आत शोषली गेलेली असते. उलट्या-जुलाब दोन दिवसांहून जास्त चालले, तर तेवढ्या दिवसांच्या गोळ्या राहिल्या असं धरून वरच्या तिसऱ्या पायरीने जा. दिवस मोजताना गोळी गिळली होती हे मोजू नका.

साध्या सर्दी-तापाच्या प्रतिजैविकांनी या गोळीचा परिणाम कमी होत नाही. पण क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिट येण्यावरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिनसारखी औषधं तो कमी करतात. ही औषधं सुरू झाली तर गोळी वेळेवर घेऊनही भागत नाही. डॉक्टरांना सांगून दुसरं साधन घ्या.

पुढे काय पाहायचं

गोळ्या राहिल्यावर दोन-चार दिवसांत थोडं अंगावरून जाणं किंवा डाग पडणं नेहमीचं आहे. संप्रेरक अचानक कमी झालं की असं होतं. याला पाळी समजून गोळ्या बंद करू नका, आणि ‘रक्त दिसलं म्हणजे दिवस गेले नाहीत’ असाही अर्थ काढू नका.

लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात अंगावरून गेलंच नाही आणि त्या पाकिटात गोळ्या राहिल्या होत्या, तर लघवीची तपासणी करा. आशा ताईंकडे ‘निश्चय’ नावाचं किट असतं, औषधाच्या दुकानातलंही चालतं. ज्या संबंधाची शंका आहे त्यानंतर तीन आठवडे झाले की निकाल भरवशाचा येतो, त्याआधी ‘नाही’ आलं तर पुन्हा करा. तोवर गोळ्या चालू ठेवा. दिवस गेलेले असताना नकळत या गोळ्या घेतल्या गेल्या तर बाळाला व्यंग येतं ही समजूत खरी नाही. तपासणीत ‘आहे’ असं आलं तर गोळ्या थांबवून डॉक्टरांकडे जा.

ज्यांचे नियम वेगळे आहेत

अंगावर पाजणाऱ्या बायकांना बऱ्याचदा एकाच संप्रेरकाची गोळी देतात, तिच्यात डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम असतं. त्यात लोहाच्या गोळ्या किंवा रिकामे दिवस नसतात, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गोळ्या औषधाच्या असतात. तिला ४८ तासांची सवलत नाही. ठरलेल्या वेळेपेक्षा १२ तासांहून जास्त उशीर झाला की ती चुकली असं धरायचं: आठवताच एक घ्यायची, पुढच्या वेळेवर घ्यायच्या आणि किमान दोन दिवस निरोध वापरायचा. पाकिटातल्या कागदावर सात दिवस लिहिले असतील तर सात पाळा.

दुसरी ‘छाया’, सरकारी दवाखान्यात मिळणारी सेंटक्रोमनची ३० मिलिग्रॅमची गोळी. ती रोजची नाहीच. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारांना, आणि मग आठवड्यातून एकदा. राहिली तर आठवताच घ्यायची आणि आपला वार तसाच ठेवायचा. एक-दोन दिवस उशीर झाला असो की त्याहून थोडा जास्त, पण सात दिवसांच्या आत असेल, तर पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवस उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा, तीन महिने. एकाच घरात जाऊबाई छाया घेत असेल आणि तुम्ही माला-एन, तर एकमेकींचे नियम वापरू नका. असं होतं, आणि मग ‘तिला चाललं, मला का नाही’ हा प्रश्न घेऊन दोघी दवाखान्यात येतात.